सही एकाची, हिशेब दुसऱ्याचा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला डिक्सन नावाचं एक गाव आहे. वस्ती सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपंचायतीएवढी. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं बालपण या गावात गेलं, आणि बराच काळ गावाची ओळख तेवढीच होती. महापौर आणि त्यांच्या परिषदेचे सदस्य आपापले व्यवसाय सांभाळून गावाचा कारभार पाहत. रोजचा हिशेब बघत असे रीटा क्रंडवेल. शाळेत असतानाच, १९७० मध्ये, ती नगरपालिकेत कामाला लागली होती. १९८३ मध्ये ती गावाची कॉम्प्ट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबनीस झाली. खजिनदारही तीच होती. कामाला चोख, बोलायला गोड, गावातलीच मुलगी. पैशांचा प्रश्न आला की सगळे म्हणत, रीटाला विचारा.

या रीटाने १९९० ते २०१२ या काळात गावाचे ५ कोटी ३७ लाख डॉलर खाल्ले. अमेरिकेत एखाद्या नगरपालिकेत एकट्या कर्मचाऱ्याने केलेल्या सर्वात मोठ्या अफरातफरींमध्ये हे प्रकरण मोजलं जातं. आकडा थक्क करणारा आहे, पण पद्धत पाहिली तर ती फार साधी निघते. त्यात संगणकाची करामत नव्हती, परदेशातल्या बनावट कंपन्या नव्हत्या आणि कोणी साथीदारही नव्हता.

१८ डिसेंबर १९९० रोजी तिने स्थानिक बँकेत गावाच्या नावाने एक नवं खातं उघडलं. त्याला नाव दिलं आर.एस.सी.डी.ए. ही अक्षरं मलनिस्सारणाच्या कामासाठी ठेवलेल्या राखीव भांडवली निधीची वाटावीत, अशी योजना होती. खातं गावाचं दिसे, पण ते आहे हे फक्त तिला ठाऊक होतं आणि त्यातून पैसे काढणारीही तीच. गावाच्या वेगवेगळ्या खात्यांतले पैसे ती आधी भांडवली कामांच्या निधीत वळवी. मग त्या निधीतून 'खजिनदार' या नावाने चेक काढी. चेक पाहणाऱ्याला वाटे, हा राज्य सरकारच्या खजिनदाराला निघाला असणार. प्रत्यक्षात तो गुप्त खात्यात भरला जाई. कागद पुरा दिसावा म्हणून ती राज्य सरकारच्या नावाची बिलं स्वतःच तयार करी. अशी १५९ खोटी बिलं पुढे तपासात निघाली.

पैसे कमी का पडतात, असं परिषदेने विचारलं की उत्तर तयार असे: राज्याकडून येणारा गावाचा वाटा उशिरा येतोय. सरकारी पैसा उशिरा येतो यावर जगात कुठेही कोणाचाही विश्वास बसतो. गावाने खर्चाला कात्री लावली, कामं लांबणीवर पडली, कर्मचाऱ्यांची पगारवाढ थांबली. एकट्या २००८ या वर्षात तिने सुमारे ५८ लाख डॉलर उचलले होते. तिचा स्वतःचा पगार वर्षाला ८० हजार डॉलरच्या घरात होता, आणि तिच्या तबेल्यात सुमारे चारशे जातिवंत घोडे होते. घोड्यांच्या स्पर्धांमध्ये तिने राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं होतं. गावाला हे घोडे दिसत होते, पण हिला घरचा पैसा असेल किंवा घोड्यांच्या धंद्यातून मिळत असेल, अशी समजूत करून घेतली गेली.

बावीस वर्षं हे चाललं याचं खरं कारण टपालात होतं. गावाच्या पोस्ट बॉक्समधलं टपाल रीटा स्वतः आणी. बँकेची स्टेटमेंट त्यातच येत. ती बाहेरगावी असली तर तिच्या नात्यातलं कोणीतरी टपाल उचले आणि तिच्या नावाचं बाजूला ठेवी. दुसऱ्या कोणाच्या हाती बँकेचा लिफाफा कधी पडलाच नाही.

२०११ च्या उत्तरार्धात घोड्यांच्या स्पर्धांसाठी ती लांबलचक रजेवर गेली. तिच्या जागी काम पाहणाऱ्या नगर क्लार्क कॅथी स्वॉनसन यांना महिन्याचा हिशेब करायचा होता, म्हणून त्यांनी बँकेकडून गावाच्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली. 'सगळ्या' या शब्दाने काम केलं. आलेल्या कागदांत एक अनोळखी खातं होतं. त्या एका महिन्यात तीन भरणे, मिळून ७ लाख ८५ हजार डॉलर, आणि खर्चाच्या बाजूला चौऱ्याऐंशी चेक. गावाच्या कामाशी त्यातल्या एकाचाही संबंध लागेना. स्वॉनसन यांनी महापौर जेम्स बर्क यांना सांगितलं आणि बर्क थेट एफबीआयकडे गेले. पुढचे काही महिने तपास गुपचूप चालला. रीटा रजेवरून परतली, आणि स्वॉनसन तिच्यासोबत काहीच घडलं नसल्यासारख्या काम करत राहिल्या. १७ एप्रिल २०१२ रोजी अटक झाली. तिने गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिला १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली.

आता प्रश्न असा की ऑडिट होत नव्हतं का? दरवर्षी होत होतं. पण ऑडिटर नमुन्यादाखल व्यवहार तपासतो, आणि रीटाकडे प्रत्येक व्यवहाराला बिल तयार होतं. ती बिलं राज्य सरकारच्या खऱ्या बिलांसारखी नव्हती, हे कोणी ताडून पाहिलं नाही. पुढे गावाने ऑडिटर फर्म आणि बँकेवर दावे लावले आणि २०१३ मध्ये तडजोडीतून सुमारे ४ कोटी डॉलर परत मिळवले. म्हणजे ऑडिटरांची चूक होतीच. तरीही वर्षातून एकदा येणारा बाहेरचा माणूस रोजच्या चोरीवरचा पहारेकरी होऊ शकत नाही, हे छोट्या ऑफिसातल्या मालकांनी ध्यानात घ्यायला हवं. 'आमचं ऑडिट होतं' हे वाक्य आपल्याकडे फार निर्धास्तपणे उच्चारलं जातं.

डिक्सनमध्ये नेमकं काय चुकलं ते पाहायचं तर पैशाच्या कुठल्याही व्यवहाराची चार कामं वेगळी करून पाहावी लागतात. पहिलं काम, खर्चाला मंजुरी देणं. दुसरं, प्रत्यक्ष पैसा हाताळणं: रोकड घेणं, चेक काढणं, बँकेत भरणा करणं. तिसरं, वहीत नोंद करणं. चौथं, वहीतली नोंद आणि बँकेतली शिल्लक जुळवून पाहणं, ज्याला अकाउंट्सवाले बँक रिकन्सिलिएशन किंवा नुसतं 'रिको' म्हणतात. रीटाकडे ही चारही कामं होती. पैसा हलवणारीही ती, त्याची नोंद लिहिणारीही ती आणि ती नोंद बरोबर आहे की नाही हे तपासणारीही तीच.

अंतर्गत नियंत्रणातला कामांच्या विभागणीचा नियम एवढाच आहे, की ज्याला पैसा घेता येतो त्याला तो लपवता येऊ नये. चोरी एका हाताने होते, पण ती टिकवायला वहीत काहीतरी खोटं लिहावं लागतं. वही दुसऱ्याकडे असेल तर चोरी होऊ शकते, पण टिकत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून १९५३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातून पुढे असा ठोकताळा रूढ झाला, की विश्वासातला माणूस पैसे खातो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात: कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी आणि 'मी चोरी करत नाही, उसने घेतोय' अशी स्वतःची समजूत. माणसाच्या घरची अडचण मालकाला दिसत नाही आणि त्याच्या मनातली समजूत तर नाहीच नाही. ऑफिसच्या हातात फक्त संधी असते.

आता हे आपल्या अंगणात आणू. समजा, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत सुटे भाग पुरवणारं एक दुकानवजा ऑफिस आहे. मालक, एक अकाउंटंट, एक मदतनीस आणि एक डिलिव्हरीचा मुलगा. माल उधारीवर जातो, आणि वसुलीचे पैसे अकाउंटंट घेतो, पावती तोच फाडतो, खातंही तोच लिहितो. एके दिवशी पहिली पार्टी चाळीस हजार रोख देते. अकाउंटंट ते खिशात घालतो, नोंद करत नाही. मुलाच्या फीचे पैसे भरायचे आहेत, पगार झाला की टाकू, असं तो स्वतःला सांगतो.

आठवड्याने दुसरी पार्टी पंचावन्न हजार देते. त्यातले चाळीस हजार तो पहिल्या पार्टीच्या खात्यावर जमा दाखवतो आणि पंधरा हजार दुसरीच्या. पहिलीचं खातं आता चोख झालं. दुसरी चाळीस हजारांनी मागे आहे, पण तिची मुदत अजून संपलेली नाही. मग तिसरी पार्टी साठ हजार देते, त्यातले चाळीस दुसरीच्या नावावर आणि वीस तिसरीच्या. याची टोपी त्याच्या डोक्यावर. खड्डा चाळीस हजारांचाच राहतो, फक्त दर आठवड्याला तो वेगळ्या नावाखाली दिसतो. इंग्रजी अकाउंटन्सीत याला लॅपिंग म्हणतात, आपल्याकडच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत ते टीमिंग अँड लेडिंग म्हणून येतं. काही महिन्यांनी अकाउंटंट आणखी पंचवीस हजार उचलतो, कारण पहिले उचलले तेव्हा काही झालं नव्हतं.

या प्रकाराची एक खूण फार बोलकी असते: असा माणूस रजा घेत नाही. तापातही येतो, दिवाळीतही दोन तास बसून जातो, आणि मालक त्याच्या निष्ठेचं कौतुक करतो. एका दिवसाची रजा झाली आणि एखाद्या पार्टीचा फोन दुसऱ्याने उचलला, की साखळी तुटते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी नियम केला आहे, की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, आणि तेही आधी न कळवता. छोट्या ऑफिसला दहा दिवस परवडणार नाहीत, पण सलग पाच दिवस परवडतात. अट एकच, त्या दिवसांत त्याचं काम तुंबवून ठेवायचं नाही, दुसऱ्याने ते खरोखर करायचं. अकाउंटंट परतेपर्यंत टेबलावर कागद साचत राहिले तर ती रजा नियंत्रण म्हणून फुकट गेली.

दुसरी खूण वहीतच असते. पार्टीने पंचावन्न हजार दिले आणि तिच्या खात्यावर त्या दिवशी पंधरा हजार जमा दिसतात. पावती पुस्तकाची स्थळप्रत आणि खातं शेजारी ठेवून दहा नोंदी ताडल्या तरी हे उघडं पडतं. पावतीच फाडली नसेल तर मात्र पुस्तकात काही सापडणार नाही. मग एकच उपाय उरतो, पार्टीलाच विचारायचं. वर्षातून दोनदा सगळ्या उधारीच्या पार्ट्यांना त्यांच्या नावावरची बाकी लिहून पाठवायची, आणि हा मेसेज मालकाच्या फोनवरून जायला हवा, उत्तरही तिथेच यायला हवं. बाकीचं पत्रक अकाउंटंटनेच पाठवलं तर त्याचा काही उपयोग नाही.

याच ऑफिसात नवा माणूस न ठेवता कामं वाटता येतात. पैसे मदतनीस घेईल आणि क्रमांक छापलेल्या पुस्तकातून पावती देईल. अकाउंटंट स्थळप्रतीवरून नोंद करेल, रोकड हातात धरणार नाही. रोजची रोकड दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बँकेत जाईल, त्यातून चहा-डिझेलचा खर्च भागवायचा नाही. किरकोळ खर्चाला वेगळी ठरावीक रक्कम काढून ठेवायची. असं केलं की पावत्यांची बेरीज आणि बँकेतला भरणा दिवसागणिक सारखा यायला लागतो, आणि फरक पडला तर तो लपत नाही. हल्ली बरीच वसुली यूपीआयने होते, त्यामुळे रोकडीचा धोका कमी झाला हे खरं. पण काउंटरवरचा क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे, हे मालकाने मधूनमधून स्वतःच्या फोनने स्कॅन करून पाहावं. त्यावर दुसरा स्टिकर चिकटवायला क्षणभर पुरतो.

पैसे बाहेर जाण्याच्या बाजूला डिक्सनची पुनरावृत्ती आणखी सोपी आहे. खोटं बिल छापायला आज प्रिंटर पुरतो. नवा पुरवठादार सॉफ्टवेअरमध्ये घालणं आणि त्याला पैसे पाठवणं ही दोन कामं एकाच माणसाकडे असतील, तर अस्तित्वात नसलेल्या पुरवठादाराला दरमहा बारा-पंधरा हजार जात राहतात आणि रक्कम लहान म्हणून कोणी विचारत नाही. जुन्या, खऱ्या पुरवठादाराचा फक्त बँक खाते क्रमांक बदलणं ही त्याच प्रकाराची दुसरी तऱ्हा. त्यामुळे नवा पुरवठादार आणि बदललेला खाते क्रमांक या दोन गोष्टी मालकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पैसे सुटू नयेत. बिलासोबत माल मिळाल्याचं चलान हवं, आणि त्यावर सही माल उतरवून घेणाऱ्याची हवी, बिल भरणाऱ्याची नको.

बँकांनी यासाठी सोय करून ठेवलेली आहे. व्यवसायाच्या खात्याला नेटबँकिंगमध्ये मेकर आणि चेकर असे दोन वापरकर्ते घेता येतात. एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात मालक साइटवर असतो, अकाउंटंट फोन करतो, 'साहेब, ओटीपी आला असेल, सांगता का?' आणि साहेब गाडी चालवत सहा आकडे वाचून दाखवतात. त्या क्षणी मेकर आणि चेकर एकच माणूस झालेला असतो. गावाला जाण्याआधी सह्या करून ठेवलेलं चेकबुक हा याचाच जुना अवतार. गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये चेकवर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, पण अध्यक्षांनी पंचवीस कोऱ्या चेकांवर आधीच सही करून दिली असेल, तर दुसरी सही हा नियम उरत नाही. मालकाचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असणं हेही त्यातलंच.

कायदा इथे थोडीच मदत करतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक नोंदीतला बदल तारखेसह टिपला जातो आणि ती सोय बंद करता येत नाही. पण हा नियम कंपन्यांना आहे. एकट्याच्या मालकीचं दुकान, भागीदारी पेढी किंवा सोसायटी त्यात येत नाही. मार्चची नोंद ऑगस्टमध्ये गुपचूप बदलता येऊ नये असं वाटत असेल, तर अशा लोकांनी ही सोय आपणहून घेतलेली बरी.

विभागणीने सगळं सुटतं असं मात्र नाही. दोघं मिळाले तर दोन सह्यांना अर्थ राहत नाही. मालकानेच नियम मोडले, ऑफिसच्या रोकडीतून विनापावती पैसे उचलले, तर खालच्यांना तो धडा मिळतो आणि फरक कोणाचा हेही सांगता येत नाही. आणि जिथे माणूसच एक आहे तिथे विभागायचं काय? अशा ठिकाणी मंजुरी आणि चौथं काम, म्हणजे बँक जुळवणी, मालकाने स्वतःकडे घ्यायची. महिन्याला तासाभराचं काम आहे. ते जमत नसेल तर सीएच्या ऑफिसातल्या मुलाला दरमहा बोलवायचं, वर्षअखेरीला नव्हे.

हे सुचवलं की जुन्या ऑफिसात हमखास कोणीतरी दुखावतं. 'वीस वर्षं इथे आहे, आता माझ्यावर संशय?' हे अवघड असतं, आणि त्याला लबाड उत्तर देऊ नये. खरं उत्तर असं, की चाळीस हजार कमी आले आणि चारही कामं एकाकडे असली, तर त्याने पैसे घेतलेले नसले तरी त्याला ते सिद्ध करता येत नाही. कॅथी स्वॉनसन यांच्या जागी मोजून मापून काम करणारा दुसरा कोणी असता आणि खोटी बिलं त्याच्या टेबलावरून गेली असती, तर आरोप त्याच्यावरही आला असता. अफरातफरींचा अभ्यास करणाऱ्या तपासनीसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ च्या अहवालात नोंदवलं, की ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघडकीला आली, आणि माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच ऑफिसातले कर्मचारी होते. डिक्सनमध्येही एका सहकाऱ्यानेच विचारलं. फरक एवढाच, की विचारायची संधी तिला एकविसाव्या वर्षी मिळाली.

ज्यांचं ऑफिस चार-पाच माणसांचं आहे त्यांनी येत्या एक तारखेला एवढं करावं. बँकेत जाऊन किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून, अकाउंटंटच्या मार्फत नव्हे, आपल्या पॅन क्रमांकावर किती खाती चालू आहेत त्याची यादी मागावी. मग प्रत्येक खात्याचं गेल्या महिन्याचं स्टेटमेंट घेऊन त्यातल्या सर्वात मोठ्या दहा आणि सर्वात छोट्या दहा रकमांची बिलं स्वतः मागून पाहावीत.